दादा, ताई, हा खर्च तिघांचा आहे

आईवडिलांच्या आजारपणाचा खर्च भावंडांनी वाटून घ्यावा, हे तत्त्व बहुतेक घरांना मान्य असतं. अडतं ते पुढच्या पायरीवर. कोणी, किती, कधीपासून आणि कशाच्या आधारावर द्यायचं, हे कोणी बोलत नाही. जो मुलगा आईवडिलांजवळ राहतो तो महिनोनमहिने खर्च उचलत राहतो. दूरची भावंडं अधूनमधून ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात आणि तो ‘नाही, बघतो मी’ म्हणतो. मग एखाद्या रात्री बिल भरता भरता त्याचा बांध फुटतो आणि तो भलंमोठं पत्र लिहून पाठवतो. त्यात औषधांची रक्कम एका ओळीत असते आणि मागच्या वीस वर्षांची गाऱ्हाणी चाळीस ओळींत. अशा पत्राला उत्तर येतं ते गाऱ्हाण्यांना. औषधांचा विषय तिथेच राहतो.

म्हणून हे पत्र लवकर लिहिलं पाहिजे, शांतपणे लिहिलं पाहिजे, आणि त्यात मदत न मागता हिशेब मांडून वाटा मागितला पाहिजे. मदत मागितली की देणारा उपकारकर्ता होतो आणि मागणारा याचक. वाटा मागितला की तिघंही एकाच बाजूला बसतात आणि समोर उरतो तो फक्त खर्च. हे कसं जमतं ते पाहण्यासाठी एक कल्पित, पण अनेकांना ओळखीचं वाटेल असं घर घेऊ.

घर कराडमधलं. वडील ७६ वर्षांचे, एका खासगी कारखान्यातून निवृत्त झालेले. आई ७१ वर्षांची, तिला मधुमेह आहे. थोरला मुलगा बंगळूरला, मधली मुलगी ठाण्याला, धाकटा आईवडिलांबरोबर. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, रुग्णालयातून घरी आले, पण उजवी बाजू गेली. आता त्यांना उठवणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं दुसऱ्यानं करायचं. रुग्णालयाचं बिल तिघांनी कसंबसं मिळून भरलं. खरा खर्च त्यानंतर सुरू झाला, आणि तो सुरू झाल्याचं दूरच्या दोघांच्या लक्षातही आलं नाही.

यात कोणी निष्ठुर आहे असं नाही. रुग्णालयाचं बिल एकदम येतं, मोठं असतं, त्याची बातमी सगळ्या नात्यात पसरते. घरच्या शुश्रूषेचा खर्च पाचशे-हजाराच्या तुकड्यांनी जातो आणि त्याला तारीख नसते. दूरच्या मुलाच्या मनात ‘बाबा घरी आले’ म्हणजे संकट संपलं. जवळच्या मुलाला ठाऊक असतं की आता दर महिन्याला तेवढंच लागणार आहे, आणि किती वर्षं लागेल ते कोणी सांगू शकत नाही. पत्रानं पहिल्यांदा हे अंतर मिटवायचं असतं.

त्यासाठी धाकट्यानं आधी तीन महिने सगळी बिलं एका पाकिटात ठेवावीत आणि सरासरी काढावी. एका महिन्याचा आकडा फसवा असतो, कारण कधी तपासण्या जास्त होतात, कधी डायपरचा मोठा खोका एकदम येतो. या घरात सरासरी अशी निघते, असं समजू. दिवसा येणाऱ्या मावशींचे १८,००० रुपये. आठवड्यातून तीनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे ६,५००. दोघांच्या औषधांचे ९,०००. डायपर, अंडरपॅड आणि इतर किरकोळ सामानाचे ४,५००. रक्ताच्या तपासण्या आणि डॉक्टरांच्या घरभेटीचे ४,०००. एकूण ४२,०००.

यातून आधी आईवडिलांचं स्वतःचं उत्पन्न वजा करायचं. वडिलांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून २,५०० रुपये येतात. या योजनेचं किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, आणि खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्या असंख्य वृद्धांच्या हाती दोन-तीन हजारांच्या आसपासच रक्कम पडते. शिवाय सुमारे १५ लाखांच्या मुदत ठेवीचं व्याज महिना ९,५०० येतं. म्हणजे १२,००० त्यांचे स्वतःचे. उरतात ३०,००० रुपये. पत्रात मागायचं ते याबद्दल.

इथे पहिला प्रश्न हमखास येतो: ‘ठेव आहे ना, ती मोडा.’ हा प्रश्न वाईट हेतूनं विचारलेला नसतो, त्यामुळे त्याचं उत्तर पत्रातच असावं. ठेवीतून दर महिन्याला हे ३०,००० काढायला लागलं, तर व्याजही घटत जातं आणि चार वर्षं पुरी व्हायच्या आत ठेव संपते. त्या वेळी आई ७५ वर्षांचीही झालेली नसेल. आज नवऱ्यासाठी मोडलेली ठेव ही तिच्या म्हातारपणाची असते, आणि तिला मधुमेह आहे. ठेवीला हातच लावायचा नाही असं नव्हे. तो कधी लावायचा हे तिघांनी मिळून आणि आईला विचारून ठरवावं, एवढंच.

हिशेब हाती आला की पत्र लिहिणं सोपं होतं. ते साधारण असं असावं:

‘दादा, ताई, बाबा घरी आल्यापासून तीन महिन्यांच्या खर्चाची यादी सोबत जोडली आहे, बिलांचे फोटोही आहेत. बाबांचं पेन्शन आणि व्याज वजा जाता महिना तीस हजार कमी पडतात. आतापर्यंत मी ते भरले, ते मला परत नको आहेत. पण पुढे एकट्यानं जमणार नाही. मी या घरात भाडं न देता राहतो, म्हणून किराणा, वीज आणि घरपट्टी मी या हिशेबात धरलेली नाही, ती माझ्याकडेच. रात्रीचं सगळं मी आणि ही मिळून करतो. वाटणी कशी करावी याची एक कल्पना खाली मांडली आहे. तुम्हाला वेगळं सुचत असेल तर सांगा. रविवारी संध्याकाळी तिघं फोनवर बोलू. आईला हे पत्र मी वाचून दाखवलं आहे.’

या पत्रातली प्रत्येक ओळ काहीतरी काम करते. मागची थकबाकी सोडल्यानं भांडणाचा सर्वात मोठा मुद्दाच निघून जातो. तीन वर्षांपूर्वीचे पैसे मागितले की समोरचा तीन वर्षांपूर्वीचे आपले पैसे आठवू लागतो. मात्र धाकट्यानं औषधांसाठी कर्ज काढलं असेल, तर तेवढी रक्कम पत्रात स्पष्ट लिहावी. तिथे मोठेपणा दाखवू नये. भाडं न देता राहण्याचा उल्लेखही महत्त्वाचा. दूरच्या भावंडांच्या मनात ‘घर तर तोच वापरतोय’ हे असतंच, ते त्यानं आपणहून मांडलं की त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. आईला पत्र वाचून दाखवलंय हेही तितकंच गरजेचं. आईवडिलांना अंधारात ठेवून त्यांच्या खर्चाची वाटणी झाली आणि ती त्यांना नंतर तिसऱ्याकडून कळली, तर आपण ओझं झालो या भावनेनं ते औषधं कमी करू लागतात. गोळ्यांची पाकिटं ठरल्यापेक्षा जास्त दिवस पुरू लागली, तर हे चाललंय असं ओळखावं.

पत्र फक्त भावंडांना पाठवावं. ज्या ग्रुपवर काका, मेहुणे आणि आतेभावंडं आहेत तिथे ते टाकलं की तो जाहीर पंचनामा होतो, आणि चारचौघांत झालेल्या अपमानाला माणूस पैशांनी उत्तर देत नाही.

आता वाटणी. सर्वांत सरळ वाटते ती समान: दहा, दहा, दहा हजार. पण ती न्याय्य नाही. समजा, दादाच्या हाती महिना १,४०,००० येतात. घराचा हप्ता आणि मुलांची फी जाऊन ८०,००० उरतात. ताईचे असेच ४०,००० उरतात आणि धाकट्याचेही ४०,०००. दहा हजार हा दादाच्या शिलकीचा आठवा हिस्सा आहे, इतर दोघांच्या शिलकीचा चौथा. म्हणून शिलकीच्या प्रमाणात, म्हणजे दोनास एक, एक अशी वाटणी अधिक योग्य ठरते. शिलक मोजताना घराचा हप्ता, भाडं आणि मुलांचं शिक्षण वजा करावं. गाडीचा हप्ता, सहल आणि नवी गुंतवणूक वजा करू नये. ही रेघ आधीच आखली नाही तर प्रत्येकाचा प्रत्येक खर्च ‘अत्यावश्यक’ होऊन बसतो.

प्रमाणाच्या वाटणीवर एक आक्षेप रास्त आहे. जास्त शिकलेल्यानं, जास्त कष्ट केलेल्यानं जास्त का भरायचं? त्याला उत्तर असं की इथे कोणाच्या कर्तबगारीची किंमत होत नाहीये. वडिलांची गरज ठरलेली आहे आणि ती तिघांपैकी कोणाचंही घर न मोडता भागवायची आहे. शिवाय थोरल्याच्या शिक्षणासाठी घरानं कर्ज काढलेलं असतं आणि धाकट्यानं गावातच शिकावं असं ठरलेलं असतं, हेही अनेक घरांत घडलेलं आहे.

याहून अवघड आहे ते श्रमांचं मोल. दिवसाच्या मावशी संध्याकाळी जातात. रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीवर, कमरेवर आणि टाचांवर शय्याव्रण होतात. ते एकदा चिघळले की ड्रेसिंगचा, प्रसंगी पुन्हा रुग्णालयाचा खर्च येतो. हे काम धाकटा आणि त्याची बायको करतात. रात्रीची बाई ठेवली तर, समजा, महिना १०,००० द्यावे लागतील. तेवढंच त्या श्रमांचं मोल धरावं आणि ते एकूण गरजेत मिळवावं. गरज झाली ४०,०००. दोनास एक, एक या प्रमाणात दादाचे २०,०००, ताईचे १०,०००, धाकट्याचे १०,०००. धाकट्याच्या घराचा वाटा रात्रीच्या कामानं भरला गेला, म्हणून रोख ३०,००० दादा आणि ताईनं द्यायचे. उद्या या दोघांना रात्री जागणं झेपेनासं झालं आणि बाई ठेवली, तर धाकट्यानं १०,००० रोख द्यायचे. हिशेब तोच राहतो.

आईवडिलांच्या सेवेला पैशांत मोजणं अनेकांना खटकेल. पण न मोजल्यानं ती सेवा पवित्र राहत नाही, फक्त दिसेनाशी होते. आणि सर्वांत आधी दिसेनाशी होते ती सून. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात ‘अपत्य’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत, सून नाही. म्हणजे सासऱ्यांच्या चरितार्थाची जबाबदारी त्या व्याख्येनं तिच्यावर टाकलेली नाही. तरी प्रत्यक्षात कूस बदलणारे हात बहुतेक घरांत तिचेच असतात. म्हणून पत्रात तिचं काम तिच्या नावानं लिहावं आणि ते मुलाच्या खात्यावर फुकट जमा करू नये. वर्षातून दोनदा दादानं आठ-दहा दिवस रजा काढून येऊन राहावं, म्हणजे या दोघांना पुरेशी झोप मिळेल, ही मागणी पैशांच्या मागणीइतकीच ठामपणे करावी. तसं राहून गेल्यावर दादाला हिशेबाची यादी पुन्हा समजावून सांगावी लागत नाही.

ताईला हे पत्र पाठवावं का, असा प्रश्न अजूनही बऱ्याच घरांत पडतो. लेकीच्या घरचं घेऊ नये, असं आई म्हणते आणि मुलगे ते सोयीनं ऐकतात. कायद्याच्या दृष्टीनं हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार वृद्ध आईवडिलांचा निर्वाह करण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी पोटगीचा दावा केला होता. त्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली विवाहित मुलगीही या जबाबदारीतून सुटत नाही, असा निकाल दिला. तेव्हा पत्र ताईलाही जायलाच हवं. तिला वगळलं तर तिच्यावरचं ओझं टळतं असं वाटतं, पण कोणते उपचार घ्यायचे, कुठे घ्यायचे, कधी थांबायचं, या निर्णयांतूनही ती वगळली जाते.

मात्र दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी आजही कितीतरी बहिणी तलाठ्यासमोर किंवा निबंधकासमोर हक्कसोडपत्रावर सही करतात. ज्या भावांनी बहिणीकडून हक्क सोडवून घेतला, त्यांनी दवाखान्याच्या बिलात मात्र तिला समान वाटेकरी म्हणावं, हे अन्यायाचं आहे. तिची कायदेशीर जबाबदारी हक्कसोडीनं संपत नाही, हे खरं. पण भावंडांमधला न्याय कायद्याच्या किमान पायरीवर थांबू नये. तिनं हक्क सोडला असेल तर तिचा वाटा आपणहून कमी धरावा. ती कमावती नसेल तर तिच्या नवऱ्याच्या पगारातून वाटा काढू नये. अशी ताई विम्याची आणि योजनांची कागदपत्रं, औषधांची मागणी, डॉक्टरांच्या वेळा हे ठाण्यात बसूनही सांभाळू शकते. ते खरं काम आहे आणि यादीत त्याची नोंद व्हावी.

याउलट मिळकतीच्या भावी वाटणीचा विषय या पत्रात आणू नये. ‘मी बघतो, पण घर माझ्या नावावर करा’ हे वाक्य आलं की औषधांचा प्रश्न वारशाचा होतो, आणि तो वडील हयात असताना सुटत नाही.

पत्राला नकार आला, किंवा उत्तरच आलं नाही तर? २००७ च्या कायद्याखाली आईवडील प्रांत अधिकाऱ्यांच्या दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. या कायद्यातल्या ‘चरितार्थ’ या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबर वैद्यकीय उपचारही येतात. अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत व्हावा अशी तरतूद आहे, आणि सुनावणीआधी समेटासाठी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवता येतं. एक तरतूद धाकट्यासारख्यांच्या विशेष उपयोगाची आहे: अर्ज एकाच अपत्याविरुद्ध झाला, तरी ते अपत्य इतर जबाबदार भावंडांना त्यात सामील करून घेऊ शकतं.

पण कायद्याच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. अर्ज मुळात आईवडिलांनी करायचा असतो. ते असमर्थ असतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. आपल्याच मुलाविरुद्ध कागदावर सही करायला फार थोड्या आया तयार होतात. शिवाय या कायद्याखाली देता येणाऱ्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. कराडच्या या घराची तूट त्याच्या तिप्पट आहे. फौजदारी प्रक्रियेतला पोटगीचा मार्ग आणि १९५६ च्या कायद्याखालचा दावा यांना अशी मर्यादा नाही, पण तिथे वेळ जास्त लागतो. औषधं दर महिन्याला लागतात. म्हणून कायदा माहीत असावा, पण पहिल्या पत्रात त्याची धमकी असू नये.

दादानं होकार दिला तरी पैसे कसे द्यायचे ते ठरवावं लागतं. आई आणि धाकटा यांच्या संयुक्त नावानं एक वेगळं बचत खातं उघडावं. महिन्याच्या पाच तारखेला दादा आणि ताईची ठरलेली रक्कम आपोआप तिथे जावी, खर्च तिथूनच व्हावा, आणि महिनाअखेर खात्याचा उतारा तिघांना जावा. पैसे थेट धाकट्याच्या पगाराच्या खात्यात गेले की दोन महिन्यांत कुजबुज सुरू होते. रोखीनं देणं टाळण्याला आणखी एक कारण आहे. आईवडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत त्यांच्या औषधोपचारावर केलेल्या खर्चाची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, पण खर्च रोखीनं केलेला नसावा लागतो. खर्च वाटून केला असेल, तर ज्यानं जेवढा केला तेवढ्याची वजावट तो आपापल्या मर्यादेत घेऊ शकतो.

रुग्णालयात पुन्हा दाखल करावं लागलं तर काय, हेही आधीच बोलून ठेवावं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेचं कार्ड काढता येतं. त्यात कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत होतात. नवराबायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. हे कार्ड दोघांचं आजच काढावं आणि जवळचं संलग्न रुग्णालय कोणतं ते शोधून ठेवावं. पण ही योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. घरच्या मावशी, फिजिओ, डायपर यांचा खर्च ती देत नाही, आणि घरी आल्यावरची औषधं फक्त पंधरा दिवसांपुरती देते. कार्ड निघालं म्हणून महिन्याच्या तीस हजारांतला एकही रुपया कमी होत नाही, हे दादाला पत्रातच सांगून ठेवावं.

महिन्याचा आकडा मात्र दुसऱ्या मार्गानं थोडा कमी होऊ शकतो. डॉक्टरांना विचारून रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या जन औषधी केंद्रातून घेतल्या, तर औषधांच्या बिलात चांगला फरक पडतो. दूरची भावंडं ‘एवढी औषधं कशी?’ असं विचारतात तेव्हा रागावण्यापेक्षा ही तपासणी त्यांच्यावरच सोपवावी. पैसे देणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे आणि त्या प्रश्नांतून कधी खरी बचतही निघते.

ठरलेली वाटणी कायमची मानू नये. दर सहा महिन्यांनी ती पुन्हा पाहावी: वडिलांची तब्येत, आईची साखर, दादाची नोकरी, ताईच्या मुलांची शिक्षणं, सगळंच बदलत असतं. ज्यांच्या घरी आज असा रुग्ण आहे आणि बिलं एकाच्याच खिशातून जात आहेत, त्यांनी या महिन्यापासून बिलं ठेवायला सुरुवात करावी आणि तीन महिन्यांनी पत्र पाठवावं. आणि ज्यांच्या हाती असं पत्र पडेल, त्यांनी आकड्यांबद्दल हवे तेवढे प्रश्न विचारावेत, पण उत्तर त्याच आठवड्यात द्यावं.